पुराची बातमी तपासताना : नवख्या उपसंपादकासाठी नाव, आकडा आणि अवतरण पडताळण्याची पद्धत

सांगलीत पावसाळ्यात संपादकीय विभागात रुजू झालेल्या प्रशिक्षणार्थीच्या हातात पहिल्या आठवड्यातच पुराची बातमी येते. कृष्णेची पातळी, कोयनेचा विसर्ग, स्थलांतरित कुटुंबं, अधिकाऱ्यांची विधानं असं सगळं त्यात एकत्र असतं. बातमी वाचणारा माणूस नदीकाठी राहत असतो आणि तिच्या भरवशावर जनावरं सोडायची की थांबायचं हे ठरवतो. म्हणून मुद्रितशोधन आणि पडताळणीची सगळी पद्धत मी याच एका बातमीवर समजावते. ती नीट बसली, की साखर कारखान्याच्या दराची किंवा महापालिकेच्या अंदाजपत्रकाची बातमीही त्याच वाटेने तपासता येते.

खालची बातमी सरावासाठी रचलेली आहे. अशाच चुका डेस्कवर रोज येतात.

> सांगली : कोयना धरणातून ५० हजार क्युसेकने विसर्ग सुरू असून गेल्या २४ तासांत ५० टीएमसी पाणी नदीत सोडण्यात आले. त्यामुळे कृष्णेने आयर्विन पूलाजवळ धोका पातळी ओलांडली असून आज पाणी ४२.९ फूटांवर पोहचले. काल पासून पातळीत ३० टक्क्यांनी वाढ झाली. कृष्णेच्या पुरामुळे कवठे येथील १२० कुटुंबातील ८४० जणांचे स्थलांतर करण्यात आले. जिल्ह्यातील अकराही तालुक्यात पावसाचा जोर आहे. ‘घाबरण्याचे कारण नाही,’ असे पाटबंधारेच्या अभियंत्यांनी सांगितले. २०१९ च्या महापुरात पाणी ५७.६ फुटांपर्यंत गेले होते.

आधी तथ्य, मग वेलांट्या

नवीन माणसाचा हात सगळ्यात आधी ‘पूलाजवळ’कडे जातो. तो आवरा. भाषा दुरुस्त केली की बातमी स्वच्छ दिसू लागते, आणि स्वच्छ दिसणाऱ्या मजकुरावर डोळा लवकर विश्वास ठेवतो. शिवाय तथ्यं दुरुस्त करताना वाक्यं पुन्हा मोडणारच आहेत, त्यामुळे आधी केलेलं शुद्धलेखन वाया जातं. पहिलं वाचन काहीही न बदलता करा. बातमी काय सांगते आहे आणि ती आपल्याशीच कुठे भांडते आहे, एवढंच बघा. इथे एका ठिकाणी पावसाचा जोर आहे आणि लगेच पुढे घाबरण्याचं कारण नाही. हे दोन्ही खरं असू शकतं, पण या सांध्यावर खूण करून ठेवा.

दुसऱ्या वाचनाला मजकुराची कागदावर प्रत काढा, दोन ओळींत अंतर ठेवून. पडद्यावर डोळा ओळी सोडून पळतो. पडताळता येईल अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढा : धरण, विसर्ग, तास, टीएमसी, पुलाचं नाव, पातळी, टक्के, गाव, कुटुंबं, माणसं, तालुके, पद, विधान, साल. आठ ओळींच्या बातमीत अशा पंधरा-सोळा जागा सहज निघतात. प्रत्येक रेघेवर पेन्सिलीने लिहा, की हे बातमीदाराला कुठून कळलं असेल. उत्तर तीनपैकी एक असतं : कागदावर आलं, कुणी तोंडी सांगितलं, किंवा बातमीदाराने आठवणीतून लिहिलं. तिसऱ्या प्रकारच्या जागा सगळ्यात आधी तपासायच्या. इथे २०१९ ची ओळ आणि ‘अकराही तालुक्यात’ ही उघड आठवणीतली विधानं आहेत.

आकडे : आधी गणित, मग फोन

आकडा चुकलाय का, हे पुष्कळदा कुणालाही न विचारता कळतं, कारण बातमीतलेच दोन आकडे एकमेकांना तपासतात. विसर्ग आणि टीएमसी ही अशी जोडी आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे ५० हजार क्युसेक सलग २४ तास सुरू राहिला तरी बाहेर पडणारं पाणी ५०,००० × ८६,४०० = ४३२ कोटी घनफूट, अर्थात ४.३२ टीएमसी. बातमी म्हणते ५०. कोयनेची पूर्ण साठवण क्षमताच १०५.२५ टीएमसी आहे, तेव्हा एका दिवसात जवळजवळ निम्मं धरण रिकामं झालं असं आपण छापायला निघालो होतो. डेस्कवर एक सोपा आकडा पाठ ठेवा : दिवसभर ११,५७४ क्युसेक म्हणजे एक टीएमसी. साडेअकरा हजारांनी भागलं की अंदाज हाताशी येतो.

आता मोह होतो तो ५० खोडून ४.३२ लिहिण्याचा. तसं करू नका. आपण फक्त आकडा अशक्य आहे एवढं सिद्ध केलंय, खरा आकडा आपल्याकडे अजून नाही. विसर्ग चोवीस तास सारखा होता की दुपारी दरवाजे उचलल्यावर वाढला, हे जलसंपदा विभागाच्या पूर अहवालात बघावं लागतं. तिथे कळतं की ५० हजारांचा टप्पा दुपारनंतरचा आहे. मग टीएमसीचा उल्लेखच काढायचा, आणि विसर्ग वेळेसह द्यायचा. ज्याला आधार नाही तो आकडा गाळल्याने बातमी लंगडी पडत नाही.

पातळीचा आकडा जास्त फसवा आहे. आयर्विन पुलाजवळची नोंद फूट आणि इंचांत होते. ४२ फूट ९ इंच ही नोंद घाईत ‘४२.९’ अशी लिहिली जाते, आणि वाचणारा ती दशांश समजतो. ९ इंच म्हणजे पाऊण फूट, तेव्हा दशांशात ती ४२.७५ होते. ‘४२.११’ असं दिसलं तर घोळ आणखी मोठा, कारण अकरा इंच म्हणजे जवळजवळ पूर्ण फूट, आणि वाचणाऱ्याला तो फुटाचा दहावा भाग वाटतो. म्हणून नियम एकच ठेवा : फूट आणि इंच दोन्ही शब्द लिहायचे, मध्ये बिंदू द्यायचा नाही. हीच चूक शेवटच्या ओळीत आहे. २०१९ च्या महापुरात पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं, म्हणजे ५७ फूट ६ इंच, ५७.६ नव्हे.

‘४२.९’ च्या वाक्यातली दुसरी चूक गंभीर आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५. पाणी ४२ फूट ९ इंचांवर असेल तर इशारा पातळी ओलांडलेली आहे, धोका पातळी नाही. बातमीदाराने आकडा बरोबर लिहिला आणि शब्द चुकवला. मथळा बहुधा शब्दावरून जातो, त्यामुळे ‘कृष्णेने धोका पातळी ओलांडली’ असा चार स्तंभी मथळा लागला असता. या दोन पातळ्या टेबलावर चिकटवून ठेवा.

टक्क्यांचं काय? काल सकाळी ३९ फूट आणि आज ४२ फूट ९ इंच असेल, तर वाढ ३ फूट ९ इंच, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. ३० टक्के कुठून आले हे बातमीदाराला विचारा. पण त्याआधी हे ध्यानात घ्या, की नदीच्या पातळीला टक्के लावूच नयेत. मोजपट्टीचं शून्य हे कुणीतरी ठरवलेलं असतं. ते वर-खाली सरकवलं की टक्के बदलतात, पाणी मात्र तेवढंच राहतं. पातळी पावणेचार फुटांनी वाढली, असं लिहा. काठावरच्या माणसाला पायऱ्या किती बुडाल्या हे फुटांतच कळतं.

आणि प्रत्येक पातळीला वेळ हवी. ‘आज’ हा शब्द पुराच्या बातमीत पुरेसा नाही, कारण सकाळी सातची आणि संध्याकाळी सहाची नोंद यांत फुटाचा फरक पडू शकतो. पावसाच्या आकड्यांचंही असंच आहे. हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला संपणाऱ्या दिवसाचा असतो. ‘आज पडलेला पाऊस’ म्हणून आपण जो छापतो, तो बराचसा कालचा असतो.

माणसांच्या आकड्याला भागाकार करून बघा. ८४० भागिले १२० म्हणजे कुटुंबामागे सात माणसं. अशक्य नाही, पण सरासरीपेक्षा बरंच जास्त, म्हणून विचारायला हवं. तहसील कार्यालयाची यादी बघितली तर तिथे १२० कुटुंबं, ४८० व्यक्ती. अंकांची अदलाबदल झाली, एवढंच. टंकलेखनातली ही सगळ्यात नेहमीची चूक आहे आणि शुद्धलेखन तपासणीला ती कधीच दिसत नाही, कारण ८४० हाही धडधाकट आकडा आहे. म्हणून शेवटच्या वाचनात आकडे मूळ कागदाशी एकेक अंक बोट ठेवून जुळवा. दोघे असाल तर एकाने मोठ्याने ‘चार, आठ, शून्य’ असं वाचावं. ‘चारशे ऐंशी’ म्हटलं तर कान ओळखीचा आकडा ऐकतो.

‘अकराही तालुके’ साताऱ्याचे. सांगलीत दहा आहेत : मिरज, तासगाव, पलूस, कडेगाव, खानापूर, आटपाडी, वाळवा, शिराळा, कवठे महांकाळ आणि जत. संख्या दुरुस्त करून थांबू नका. जतपासून शिराळ्यापर्यंत सगळीकडे सारखा पाऊस हे विधानच संशयास्पद आहे. शिराळा सह्याद्रीला लागून, जत आणि आटपाडी दुष्काळी पट्ट्यात. तालुकावार पावसाचा तक्ता मागवा आणि जिथे पाऊस आहे त्याच तालुक्यांची नावं लिहा.

नावं : गाव चुकलं की नदी चुकते

बातमीत ‘कवठे’ आहे. सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ आहे, तासगाव तालुक्यात कवठे एकंद आहे आणि मिरज तालुक्यात कवठे पिरान आहे. पूर म्हटल्यावर कवठे पिरान असणार असा तर्क मनात येतो आणि तो बरोबरही निघेल, पण तर्कावर गावाचं नाव छापायचं नाही. फोन करायचा.

“दादा, तुमच्या बातमीतलं कवठे कुठलं?”

“अगं, पिरान. दुधगावकडचं.”

“मग तिथं कृष्णेचं पाणी आलंय की वारणेचं?”

“वारणेचंच की.”

हा दुसरा प्रश्न विचारणं ही खरी पडताळणी. वारणा कृष्णेला मिळते ती हरिपूरला, आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला. म्हणजे कोयनेचा विसर्ग, आयर्विनची पातळी आणि कवठे पिरानचं स्थलांतर अशी जी साखळी बातमीने जोडली होती, ती तुटली. तिथल्या लोकांना आयर्विनच्या आकड्याइतकाच चांदोलीच्या वारणा धरणाच्या विसर्गाचा आकडा हवा होता. गावाचं पूर्ण नाव शोधताना बातमीतलं कारणच चुकीचं निघालं. गावाबरोबर तालुका लिहिण्याची सवय याचसाठी लावून घ्या. कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज, अंकली आणि अंकलखोप, या जोड्यांनाही तीच काळजी लागते. नृसिंहवाडी सांगलीकरांच्या रोजच्या बोलण्यातली, पण ती कोल्हापूर जिल्ह्यात आहे.

माणसांच्या नावात इंग्रजी प्रेसनोट हा मोठा धोका आहे. रोमन लिपीत ट-त, ड-द, ळ-ल यांचा फरक पुसला जातो आणि आपण परत देवनागरीत आणताना अंदाज करतो. काळे की काले, माळी की माली, डांगे की दांगे? मराठी प्रेसनोटमध्येसुद्धा मगदूम-मगदुम, चौगुले-चौगले, विश्वजित-विश्वजीत असे पर्याय येतात. इथे व्याकरणाचा नियम चालत नाही. माणूस स्वतःचं नाव जसं लिहितो तसं आपण लिहायचं, मग शुद्धलेखनाच्या पुस्तकात काहीही असो. बातमीदाराने नाव विचारताना वहीत त्या व्यक्तीलाच लिहायला लावावं, हा सगळ्यात सोपा उपाय. तो झाला नसेल तर कार्यालयातली पाटी, निमंत्रणपत्रिका किंवा त्या व्यक्तीची सही असलेलं पत्र बघा. आपल्याच जुन्या बातमीवर विसंबू नका. ती चुकली असेल तर चूक पिढ्यान्‌पिढ्या चालते.

एका बातमीत एक नाव तीन-चार ठिकाणी येतं : मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात, चौकटीत आणि फोटोओळीत. शोधा-बदला करून सगळी एकदम बदलू नका. ‘माने’ बदलायला गेलात तर ‘सन्मानेच’, ‘विमानेही’ यांच्या पोटातलं ‘माने’सुद्धा बदलून बसतं. प्रत्येक जागा डोळ्यांनी बघा. फोटोओळीत ‘डावीकडून’ असेल तर छायाचित्र समोर ठेवून माणसं मोजा, आणि ओळीतली नावं तेवढीच आहेत का बघा.

पद तपासताना तारीख महत्त्वाची. बदल्या होतात, प्रभारी असतात. कार्यकारी अभियंता आणि अधीक्षक अभियंता ही वेगवेगळी पदं आहेत, आणि बोलण्यात ‘पाटबंधारे’ म्हणत असलो तरी खात्याचं नाव जलसंपदा विभाग आहे. जुन्या घटनांत जिल्ह्याचंही भान ठेवावं लागतं. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून १९४३ च्या प्रतिसरकारवरच्या लेखात ‘सातारा जिल्हा’ दिसला तर ती चूक समजून खोडू नका.

अवतरण : गाळलेला ‘तर’

अवतरणचिन्हांतला मजकूर ही एका माणसाने दिलेली साक्ष आहे. तिथे आपली शैली चालवायची नाही. तपासायच्या तीन गोष्टी : शब्द तेच आहेत का, ते त्याच माणसाचे आहेत का, आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते आले.

बातमीदाराकडे ध्वनिमुद्रण मागा. नुसतं ते वाक्य ऐकू नका, आधीचं आणि नंतरचं अर्धं मिनिट ऐका. आपल्या उदाहरणात अभियंता म्हणतात, “धरणक्षेत्रातला पाऊस कमी झाला, तर घाबरण्याचं कारण नाही.” बातमीत आलं, ‘घाबरण्याचे कारण नाही.’ ‘घाबरण्याचं’चं ‘घाबरण्याचे’ झालं, एवढं सोडलं तर शब्द तेच आहेत, तरी अर्थ उलटा झाला, कारण अट गळाली. पाऊस तर वाढतच होता. पहिल्या वाचनात जिथे खूण केली होती, तो सांधा हाच. म्हणून डेस्कवर अवतरण ऐकताना ‘तर’, ‘पण’, ‘सध्या’, ‘शक्यतो’ या शब्दांकडे कान लावून बसा. अवतरण छोटं करताना सगळ्यात आधी हेच शब्द उडतात.

ध्वनिमुद्रण नसेल, फक्त वहीतल्या खुणा असतील, तर अवतरणचिन्हं काढा आणि आशय आपल्या शब्दांत, नाव-पदासह लिहा. हा पर्याय कमीपणाचा नाही. वाचकाला ते विधान कोणी केलं हे कळतं, आणि न उच्चारलेले शब्द कुणाच्या तोंडी जात नाहीत.

गावकऱ्यांच्या बोलण्याबाबत माझं मत ठाम आहे. छावणीतली बाई “जनावरं कुठं न्यायची आमी?” म्हणाली असेल, तर ‘जनावरे कोठे न्यावीत असा प्रश्न आहे’ असं तिच्या तोंडी घालू नका. एक तर तिचे शब्द तसेच ठेवा, नाहीतर अवतरण न देता लिहा. पण मग अधिकाऱ्यांचं अडखळणं गुळगुळीत करून द्यायचं आणि शेतकऱ्याची बोली तेवढी जशीच्या तशी ठेवायची, असा भेदही नको. जत तालुक्यात माणूस कन्नडमध्ये बोलला असेल तर भाषांतर कोणी केलं हे बातमीदाराला विचारा, आणि ‘कन्नडमध्ये बोलताना त्यांनी सांगितले’ एवढं बातमीत येऊ द्या.

आता भाषा

दुरुस्त्या बातमीदाराला कळवून झाल्यावर, त्याच्या होकारानंतर, वेलांट्यांकडे या. पुराच्या बातमीत एकच नियम पन्नास ठिकाणी लागतो : शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असलेल्या पूर, पूल, फूट या शब्दांना प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं. पूर–पुराचे, पूल–पुलाजवळ, फूट–फुटांवर. गावांच्या नावातला ‘पूर’ दीर्घ, पण कोल्हापूर–कोल्हापुरात. शब्दयोगी अव्यय जोडून : कालपासून.

अनुस्वाराला मात्र तथ्याइतकाच मान द्या. ‘१२० कुटुंबातील’ नव्हे, ‘कुटुंबांतील’. ‘तालुक्यात पाऊस’ म्हणजे एका तालुक्यात, ‘तालुक्यांत’ म्हणजे अनेकांत. ‘धरणाचे दरवाजे’ आणि ‘धरणांचे दरवाजे’ यांत एका टिंबाने एक धरण वाढतं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणला असेल तर ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ झालंय का बघा. ‘ऱ्य’ असलेले सगळे शब्द शोधून काढावे लागतात.

तपासून झाल्यावर बातमी अशी उभी राहते :

> सांगली : कोयना धरणातून काल दुपारपासून ५० हजार क्युसेकने विसर्ग सुरू आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने इशारा पातळी ओलांडली असून आज सकाळी सात वाजता पाणी ४२ फूट ९ इंचांवर होते. चोवीस तासांत पातळी पावणेचार फुटांनी वाढली. धोका पातळी ४५ फूट आहे. वारणेच्या पुरामुळे कवठे पिरान (ता. मिरज) येथील १२० कुटुंबांतील ४८० जणांचे स्थलांतर करण्यात आले. ‘धरणक्षेत्रातला पाऊस कमी झाला, तर घाबरण्याचं कारण नाही,’ असे जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांनी सांगितले. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फूट ६ इंचांपर्यंत गेले होते.

पावसाच्या तालुक्यांचं वाक्य यात नाही, कारण तक्ता पान सोडेपर्यंत आला नाही. अभियंत्यांचं नाव बातमीदाराकडून आलं की पदाआधी बसेल. अशा उरलेल्या जागा मुख्य उपसंपादकांना तोंडी सांगून भागत नाही. प्रतीच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहा : काय तपासलं नाही, कोणाला विचारलं, फोन कधी केला. मथळा, चौकट आणि फोटोओळ पान लागल्यावर नव्याने येतात आणि त्या तुमच्या हातून गेलेल्या नसतात. म्हणून छापायला जाण्याआधी पानाची प्रत मागून घ्या आणि मथळ्यातला प्रत्येक आकडा बातमीतल्या आकड्याशी जुळवा.

पुराची बातमी छापून संपत नाही. मृतांचा, बाधितांचा, स्थलांतरितांचा आकडा पुढचे काही दिवस बदलत राहतो. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हा त्या संध्याकाळच्या बातम्यांतला मृतांचा आकडा पुढे वाढला. त्या घटनेचा आज कुठेही उल्लेख आला तर पहिल्या दिवसाच्या कात्रणावरून आकडा उचलू नका, नंतरची अधिकृत नोंद शोधा. संकेतस्थळावरची बातमी रात्री अद्ययावत करताना जुनी पातळी पुसून नवी टाकू नका. ‘सकाळी सात : ४२ फूट ९ इंच’ ही ओळ तशीच ठेवा, तिच्या खाली नवी वेळ आणि नवी नोंद लिहा. आधीचा आकडा चुकीचा होता म्हणून बदलला असेल, तर ‘दुरुस्ती’ असं स्पष्ट लिहून काय चुकलं होतं तेही द्या.